मनगट आणि हाताच्या दुखण्यामुळे टेबल-खुर्चीत बदल करून मिळण्याबाबत

दि. १२ मे

प्रति,
मा. अरविंद सर,
व्यवस्थापक, अकाउंट्स विभाग

सर, स.न.वि.वि.

गेले सहा महिने माझे उजवे मनगट आणि कोपराखालचा हात दुखतो आहे. तुमच्याशी याबद्दल दोनदा बोलले, पण दोन्ही वेळा क्लोजिंगच्या घाईत विषय ‘जरा हात दुखतोय’ यापुढे गेला नाही. म्हणून आता सगळे नीट लिहून देते.

नोव्हेंबरमध्ये आपण वरच्या मजल्यावर आलो. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत दुखणे सुरू झाले. आधी फक्त संध्याकाळी मनगट जड व्हायचे आणि झोपून उठले की बरे वाटायचे. जानेवारीपासून ते सकाळीसुद्धा आखडलेले असते. आता दुपारी तीनच्या सुमारास कोपराखाली वरच्या बाजूने ओढ लागते आणि माउस धरून ठेवणे नकोसे होते. घरी बाटलीचे झाकण उघडताना किंवा कपडे पिळताना कळ येते. मार्चअखेरीला सलग चार दिवस उशिरापर्यंत बसले, तेव्हा पाचव्या दिवशी पेनसुद्धा धरवत नव्हते. त्या दिवशी मी रजा टाकली आणि कारण ‘घरगुती’ लिहिले. खरे कारण हे होते. तक्रारखोर ठरेन आणि बिलांचे काम माझ्याकडून काढून घेतले जाईल अशी भीती वाटली, म्हणून लपवले.

एप्रिलमध्ये अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. नसांची तपासणी झाली. मनगटातून जाणारी नस सध्या दबलेली नाही, हा मोठा दिलासा आहे. मनगट वर उचलून धरणारे जे स्नायू कोपरापासून निघतात, ते आणि त्यांचे कंडरे सततच्या ताणाने दुखावले आहेत, असे त्यांचे निदान आहे. रात्री पट्टा बांधून झोपायचे आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करायचे, असे दोन्ही सुरू आहे. फरकही पडतो, पण रविवारपर्यंत उतरलेले दुखणे मंगळवारी पुन्हा तिथेच येते. बसण्याची पद्धत बदलल्याशिवाय हे टिकणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मग मी टेप घेऊन मोजून पाहिले. आपले नवे टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच आहे आणि ते खाली-वर होत नाही. माझी उंची १५२ सेंटिमीटर. पाय जमिनीला टेकतील अशा बेताने खुर्ची ठेवली, तर माझे कोपर जमिनीपासून ६२ सेंटिमीटरवर येते. म्हणजे कीबोर्ड माझ्या कोपरापेक्षा १३ सेंटिमीटरहून अधिक वर. खांदे उचलून, मनगट मागे वाकवून टाइप करावे लागते आणि टेबलाची धार नेमकी मनगटाखाली रुतते. खुर्ची वर घेतली तर हात जागेवर येतात, पण पाय लोंबकळतात, मांडीखाली खुर्चीची कड दाबते आणि थोड्याच वेळात मी पुढे सरकून कडेवर बसते. पूर्वीच्या मजल्यावरची टेबले बुटकी होती. तिथे चार वर्षे हेच काम केले, पण हात कधी दुखला नाही.

दुसरी अडचण माउसची. कीबोर्डच्या उजव्या टोकाला नंबर पॅड आहे, त्यामुळे माउस त्याच्याही पलीकडे जातो आणि हात दिवसभर बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो. बिलांच्या नोंदीत एक आकडा टाकला की एक क्लिक, असे चालते. महिनाअखेरीला दिवसाला दोनशेच्या आसपास बिले असतात. तेवढ्या वेळा हात नंबर पॅडवरून माउसवर आणि पुन्हा परत येतो.

माझ्या परीने करता येण्यासारखे केले आहे. कीबोर्डमागचे पाय मिटून तो सपाट ठेवला, कारण ते उघडले की मनगट आणखी मागे वाकते. जिथे जमेल तिथे माउसऐवजी Tab आणि Ctrl+C, Ctrl+V वापरते. दोन आठवडे डाव्या हाताने माउस चालवून पाहिला. उजव्या हाताला आराम मिळाला, पण नोंदींचा वेग इतका मंदावला की ती बिले संध्याकाळी बसून पूर्ण करावी लागली, आणि मग डावा हातही भरून यायला लागला. सगळ्यात जास्त फरक पडला तो प्रशिक्षण खोलीत. तिथले टेबल बुटके आहे. मागच्या महिन्यात तीन दिवस तिथे बसून काम केले, तेव्हा काम तेवढेच असूनही दुपारची ओढ अगदी सौम्य होती.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती टेबलाची आहे. खिडकीजवळच्या कोपऱ्यात उंची कमी-जास्त करता येणारे एक टेबल आहे. फेब्रुवारीपासून त्यावर जुन्या फायलींचे खोके ठेवलेले आहेत. ते मला मिळाले तर नवीन काही घ्यावे लागणार नाही. फायली रॅकवर लावायचे काम मी स्वतः करीन. मात्र ते ६२-६३ सेंटिमीटरपर्यंत खाली येते का, हे आधी पाहावे लागेल. येत नसेल, तर माझ्याच टेबलाखाली कीबोर्डचा सरकता ट्रे बसवावा आणि सोबत पाय ठेवायला फूटरेस्ट द्यावा, कारण ट्रे लावूनही खुर्ची थोडी वर घ्यावी लागेल. ट्रे कीबोर्ड आणि माउस दोन्ही मावतील एवढा रुंद हवा. माउस वर टेबलावरच राहिला तर ट्रेचा उपयोग होणार नाही.

त्यासोबत नंबर पॅड नसलेला छोटा कीबोर्ड आणि वेगळा नंबर पॅड हवा आहे. पॅड मी डाव्या बाजूला ठेवीन. डाव्या हाताने आकडे टाकायचा सराव घरी सुरू केला आहे आणि तो जमतो आहे. माउस उभ्या पकडीचा, म्हणजे हस्तांदोलनासारखा हात ठेवून चालवता येणारा असावा. माझा पंजा लहान असल्याने लहान आकाराचा घ्यावा. शक्य असल्यास खरेदीआधी मला तो हातात धरून पाहू द्यावा.

वेळेबाबतही एक विनंती आहे. दर पाऊण तासाने चार-पाच मिनिटे हात मोकळे करायला उठू द्यावे. स्कॅनिंग आणि फायलिंगचे माझे काम मी या वेळांभोवती बसवून घेईन. रोजचे काम रोज पूर्ण करीन.

काम कमी करा किंवा दुसऱ्या विभागात पाठवा, असे मी मागत नाही. बिलांचे काम मला आवडते, पुरवठादारांची खाती मला तोंडपाठ आहेत आणि हे काम मला पुढेही करायचे आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघीही माझ्याच उंचीच्या आहेत. त्यांच्या वतीने मी बोलत नाही, पण त्यांनाही एकदा विचारावे असे मनापासून वाटते.

तिमाहीचे क्लोजिंग २४ जूनपासून सुरू होईल. त्याआधी निदान टेबलाचा प्रश्न सुटावा, अशी कळकळीची विनंती आहे. येत्या गुरुवारी आढावा बैठकीनंतर पंधरा मिनिटे माझ्या जागेवर येऊ शकाल का? मी बसून दाखवते. टेप आणि मोजमापांचा कागद तयार ठेवते.

आपली विश्वासू,
सुजाता
बिलिंग, अकाउंट्स विभाग

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, नसांच्या तपासणीचा अहवाल