कळमेश्वर संत्रा ग्रेडिंग लाइन : साइटचा निरोप आणि संचालकांसाठीचा सारांश

साइट इन्चार्जचा निरोप, सोमवार, 8 सप्टेंबर

सर, काम चालूच आहे. पोळा-तान्हा पोळ्यात मजूर गावी गेले, मग पाऊस, त्यात नालीचा उतार उलटा निघाला, तो फोडून राहिलो. मिस्त्री म्हणते शुक्रवारपर्यंत होते. मशीनवाल्याची पोरं सगळं बसवून गेली, चांगली आहेत पोरं. सायझरचे 6 रोलर भलत्याच मापाचे आले, ग्रुपवर फोटो टाकले होते, कोणी पाहिलेच नाहीत. नवे 18 ला येतात म्हणे. लाइटचं काम मात्र अडूनच आहे. फॉर्मवर आपण जुना 120 चा लोड टाकला, फाइल वापस आली, 2 तारखेला 200 चा दिला. आता 10 ऑक्टोबर म्हणतात. तोवर जनरेटर आणायचा का? एक जण महिन्याचे 1 लाख 40 सांगते. बाकी सगळं ठीक.

संचालकांना पाठवलेला सारांश

विषय : ग्रेडिंग लाइन – जनरेटरसाठी गुरुवारपर्यंत मंजुरी हवी

महोदय,

15 सप्टेंबरची चाचणी होणार नाही. यंत्रे बसली आहेत, वीज नाही. जोडणी 10 ऑक्टोबरला अपेक्षित आहे. तोपर्यंत आंबिया बहाराचा माल यायला लागेल आणि चाचणी, कामगारांचे प्रशिक्षण व खरा माल एकाच आठवड्यात येतील.

निर्णय हवा : 200 केव्हीएचा जनरेटर 20 सप्टेंबरपासून एक महिना भाड्याने घेणे. भाडे 1 लाख 40 हजार, चाचणी व प्रशिक्षणाच्या सुमारे 20 तासांचे डिझेल 60 हजार, एकूण 2 लाख. राखीव निधीत 2 लाख 10 हजार शिल्लक आहेत, म्हणजे यानंतर हाताशी जवळपास काही उरणार नाही. गुरुवारी, 11 तारखेला मंजुरी मिळाल्यास चाचणी 22 सप्टेंबरला घेता येईल.

उशिराचे कारण : अर्जात आपणच जुना 120 केव्हीएचा भार लिहिला होता. अर्ज परत आला. 200 केव्हीएचा सुधारित अर्ज 2 सप्टेंबरला दिला आहे. यात पुरवठादाराचा दोष नाही.

धोका : जोडणी 10 ऑक्टोबरच्या पुढे गेली तर हंगामातला माल डिझेलवर चालवावा लागेल. तो खर्च वरच्या आकड्यात नाही.

इतर : सायझरचे 6 रोलर चुकीच्या मापाचे आले, बदली 18 ला. हे चुकले तर 22 ची चाचणी सायझरशिवाय, फक्त धुलाई-वॅक्सिंग-वाळवणीची होईल. नालीचे काम 12 ला संपेल. त्यासाठी निर्णय लागत नाही.

साइट इन्चार्जांचा मूळ निरोप जोडला आहे. त्यातले ‘बाकी सगळं ठीक’ कृपया वरच्या मजकुरासोबतच वाचावे.

प्रकल्प समन्वयक, नागपूर