पहाटे 5:40 ला मेसेज टाकला नाही त्याचं कारण

मनू,

वाढदिवसाच्या शुभेच्छा गं.

बघ, टाइप केलं एकदाचं. एवढी एक ओळ लिहायला काल रात्रीपासून बसलेय मी. आधी नेहमीसारखं हॅपी बर्थडे आणि पुढे फुगेबिगे टाकले होते, मग ते फुगे बघून मलाच कसंतरी झालं, पुसले. मग लिहिलं की यंदा काय शुभेच्छा देऊ कळत नाहीये, तर ते इतकं रडकं वाटायला लागलं की जणू वाढदिवस तुझा नाहीच, म्हणून तेही पुसलं. शेवटी म्हटलं साधं लिहावं. तुझा वाढदिवस आहे आणि तू जन्मलीस याचा मला आजही तितकाच आनंद आहे, आणि काका नाहीयेत हेही आज दिवसभर माझ्या डोक्यात असणार आहे. दोन्ही एकदम आहे. एक बाजूला ठेवून दुसरं बोलणं मला काही जमेना.

रात्री बाराला मुद्दाम नाही पाठवलं. पहाटे 5:40 ला तर अजिबातच नाही, अलार्म न लावता जाग आली होती मला, फोन हातात होता, पण ती वेळ काकांच्या दरवर्षीच्या फोनची आहे, तिथे आपण घुसायचं नाही असं वाटलं. तुलाही जाग आलीच असणार. तू काय केलंस त्या वेळी माहीत नाही. कूस बदलून झोपलीस, रडलीस, फोन उलटा घालून ठेवलास, काहीही केलं असशील तरी ठीक आहे.

हॉस्टेलची चार वर्षं तो फोन तुझ्याइतकाच माझाही होता गं. तुझ्या उशीखाली वाजायचा आणि जागी व्हायचे मी. काकांचा ठाम समज होता की माणूस जितका लांब तितकं जोरात बोलायचं, त्यामुळे स्पीकर न लावताही मला अक्षर न् अक्षर ऐकू यायचं. आणि दरवर्षी तीच गोष्ट. तू झालीस त्या पहाटेची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि स्कूटर दुसऱ्या किकला चालू झाली होती. दुसऱ्या वर्षी मुसळधार. तिसऱ्या वर्षी स्कूटर बंद पडली आणि ती ढकलत न्यावी लागली. नोकरीला लागल्यावर आपण एकत्र राहायला लागलो तोवर गुडघाभर पाणी झालं होतं, आणि मागून काकू ओरडायच्या की अहो काही नव्हतं एवढं, चपलासुद्धा भिजल्या नव्हत्या. पण गोष्टीचा शेवट मात्र काकांनी कधी बदलला नाही. नर्सने तुला हातात दिलं, त्यांनी बोटं मोजली, एकोणीस भरली, घाम फुटला, परत मोजली तेव्हा वीस. मग म्हणायचे, तेव्हापासून या पोरीचा हिशोब मी दोनदा करतो.

हे सगळं तुला माहीत आहे, मी तुलाच काय सांगतेय. पण मला वाटलं, आज ते कोणीच बोलणार नाही. लोक जपून बोलतील, विषय काढणार नाहीत, तुला त्रास नको म्हणून. आणि ते न बोलणंच जास्त टोचेल तुला, निदान मला तरी टोचलं असतं. म्हणून लिहिलं. नको वाटलं तर हा परिच्छेद सोडून दे, पुढचं वाच.

एक माफी मागायची राहिलीये. त्या दिवसांत तुझ्या घरी आले होते तेव्हा जाताना तुझा हात धरून मी म्हटलं, "आता तूच स्ट्राँग राहा, काकूंना तुलाच सांभाळायचंय." तू मान हलवलीस. घरी परत येईपर्यंत मला स्वतःचा राग येत होता. वडील गेलेल्या मुलीला अकराव्या दिवशी काम वाटून देणारी मी कोण? आणि तुला कोण सांभाळणार हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तर ते वाक्य परत घेतलं असं समज. नको राहूस स्ट्राँग. माझ्यासमोर तर अजिबात नको.

हो, आणि काकूंचा मंगळवारी फोन आला होता मला. तुला सांगू नको म्हणाल्या होत्या, तरी सांगतेय, त्या रागावल्या तर मी बघते. विचारत होत्या, "तिला सकाळी फोन करू का गं मी? त्याच वेळेला केला तर तिला वाईट वाटेल, आणि नाही केला तर आईलाही आठवण नाही असं वाटेल." मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं काका बोलायचे आणि त्या मागून दुरुस्त्या सांगायच्या, पुढे येऊन बोलायची वेळच आली नाही त्यांच्यावर. तेव्हा त्यांचा फोन आला असेल आणि त्या भलतंच काहीतरी, गॅस सिलेंडर वगैरे, बोलल्या असतील, किंवा अजून आलाच नसेल, तर विसरल्यात असं प्लीज समजू नकोस. पहाटेपासून फोन हातात घेऊन बसलेल्या असतील. तूच लाव वाटल्यास. पाऊस नक्की किती होता ते विचार त्यांना.

आता खरं सांगायचं ते. हे सांगू की नको यावर मी दोन महिने घोळ घालतेय.

गेल्या वाढदिवसाला आपल्या ग्रुपने तुझ्यासाठी व्हिडिओ केला होता बघ, सगळ्यांच्या छोट्या छोट्या क्लिप जोडून. एडिटिंग माझ्याकडे होतं. सगळ्यांना बजावलं होतं की फक्त दहा सेकंद बोला. काकांना व्हिडिओ काही जमेना म्हणून मी म्हटलं काका तुम्ही नुसता आवाज पाठवा, वर फोटो लावते मी. त्यांनी पाठवला. 4 मिनिटं 12 सेकंद. मी त्यातलं "खूप मोठी हो, सुखात राहा" एवढंच उचललं, तुमचा जुना फोटो लावला आणि दिलं जोडून. बाकीचं कापलं. तेव्हा तर हसायला आलं होतं मला, की दहा सेकंद म्हणजे काकांना चार मिनिटं.

ती पूर्ण व्हॉइस नोट माझ्याकडे आहे मनू.

डिलीट नाही झाली. काका गेल्यावर दोन दिवसांनी मला आठवली आणि रात्री दीड वाजता उठून शोधत बसले, हात थरथरत होते, मध्ये फोन बदलला होता ना मी. सापडली. लगेच चॅटमधून बाहेर काढून लॅपटॉपवर घेतली, पेनड्राइव्हवर टाकली, स्वतःलाच मेलही करून ठेवली. आता ती कुठे जात नाही. (आणि यावरून आठवलं, तुझ्या फोनमध्ये त्यांचे जे काही मेसेज, नोट्स असतील ते चॅट एक्सपोर्ट करून दुसरीकडे ठेव, मीडियासकट. आज नको, पण ठेव. फोनचा काही भरवसा नाही. तुला जमणार नसेल तर फोन माझ्याकडे दे, मी एकही न ऐकता करून देईन.)

नोटची सुरुवात खाकरण्याने आहे. मग "चालू झालं का हे? लाल दिसतंय. हां." मागे पंख्याचा तो खट खट आवाज. मग गोष्ट सुरू. पाऊस आहे, स्कूटर आहे, काकू मागून दुरुस्त करतायत आणि काका म्हणतात, "तू थांब गं, तुला काय माहीत, तू आत होतीस." सगळं नेहमीचं. पण बोटं मोजून झाल्यावर ते थांबत नाहीत. पुढे जवळजवळ एक मिनिट ते बोललेत, आणि ते मी तरी फोनवर कधी ऐकलेलं नाही. तुला कधी सांगितलं असेल असंही वाटत नाही. काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. ते माझ्या अक्षरात वाचायचं नाहीच्चे तुला, त्यांच्याच आवाजात ऐक.

पण आजच ऐकायला पाहिजे असं काही नाही. मी पाठवली नाहीये, आपोआप कुठे उघडणारही नाही. तुला उद्या हवी झाली तर उद्या, पुढच्या वाढदिवसाला तर तेव्हा, पाच वर्षं नको असली तरी ती माझ्याकडे आहे. काही लोकांना आवाज लगेच ऐकावासा वाटतो, काहींना कितीतरी दिवस सहन होत नाही, तुझं काय आहे ते तुलाही कदाचित अजून माहीत नसेल. मागायची झाली तर लांबलचक काही लिहू नकोस, "पाठव" एवढं टाक. मी विचारणार नाही ऐकलीस का, कशी वाटली. आणि एकटीला ऐकायची नसेल तर मी शेजारी बसेन, गप्प.

मी ती कापली होती याबद्दल मात्र मला खूप वेळा वाईट वाटलंय. मग वाटतं, तेव्हा अख्खी लावली असती तर सगळ्यांच्या गडबडीत, हसण्याखिदळण्यात तू अर्धवट ऐकली असतीस. असो. हे मी स्वतःची समजूत घालतेय, मला कळतंय.

ग्रुपवर मी सांगून ठेवलंय की यंदा व्हिडिओ नाही, सरप्राइज नाही, कोणी अचानक दारात उभं राहणार नाही. एकटीदुकटी शुभेच्छा येतील, त्यांना उत्तर द्यायची घाई नाही. कोणाला थँक्यू म्हणायचं राहिलं तर मी बघून घेते. ऑफिसमध्ये कोणी गाणं म्हणायला लागलं तर खुशाल फोन आलाय म्हणून बाहेर जा, मला मिस्ड कॉल दे, मी तीस सेकंदात उलट फोन करते, खरंच फोन आल्यासारखा.

आणि समजा आज तुला छान वाटलं, कशावर तरी जोरात हसलीस, तर लगेच गिल्टी होऊन बसू नकोस. काका स्वतः काय कमी हसायचे का? स्वतःच्याच जोकला आधी हसून मग जोक सांगणारा माणूस.

संध्याकाळी सातला मी तुझ्या बिल्डिंगखाली येतेय. वर येणार नाही, खाली बाकावर बसते. बोलायचं असेल तर बोलू, नुसतं चालायचं असेल तर चालू, यावंसं नाही वाटलं तर एक टिंब टाक मेसेजमध्ये, मी समजेन आणि साडेसातला निघून जाईन, राग नाही. छत्री आणतेय, आभाळ भरून आलंय आज. भुरभुरच आहे सध्या, पण संध्याकाळपर्यंत गुडघाभर होईल बघ.