सेर की एस्तार? वर्तमानकाळातील गाळलेल्या जागा

हा तोंडी सराव आहे, म्हणून स्पॅनिश देवनागरीत दिले आहे. वाक्य मोठ्याने वाचून क्रियापद भरा, मग उत्तर पाहा.

सेर: सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन
एस्तार: एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान

मराठीत दोन्हीकडे ‘आहे’च येते, घोळ तिथूनच सुरू होतो. ‘कायमचे ते सेर, तात्पुरते ते एस्तार’ हा नियम पाठ करू नका. तोलेदो काही जागा सोडून जात नाही, तरी तिथे एस्तार लागते. विद्यार्थीदशा संपते, तरी तिथे सेर.

१. यो ____ मेदिका. (मी डॉक्टर आहे.)
२. तोलेदो ____ सेर्का दे माद्रिद. (माद्रिदजवळ)
३. आना इ यो ____ कान्सादास. (आम्ही दोघी दमलोय.)
४. तू ____ दे सेविया, नो? (तू सेवियाची ना?)
५. ला फिएस्ता ____ एन कासा दे आना. (पार्टी आनाच्या घरी आहे.)
६. एल काफे ____ फ्रिओ. (कॉफी गार आहे.)
७. वोसोत्रोस ____ एन ला कोसिना? (तुम्ही स्वयंपाकघरात आहात?)
८. पाब्लो ____ एस्तुदिआन्ते. (विद्यार्थी)
९. एल आबुएलो ____ मुएर्तो. (आजोबा हयात नाहीत.)
१०. ला पेलिकुला ____ आबुर्रिदा. (सिनेमा कंटाळवाणा आहे.)
११. लोस निन्योस ____ आबुर्रिदोस. (मुलं कंटाळलीत.)

उत्तरे

१ सोय, ४ एरेस, ८ एस: कोण, कुठली, काय करतो, म्हणजे ओळख.

२ एस्ता, ७ एस्ताइस: वस्तू किंवा माणूस कुठे आहे, हे सांगायचे आहे.

५ एस. सर्वाधिक चुका इथे होतात, कारण ‘घरी’ दिसताच हात एस्तारकडे जातो. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून पाहा. ‘पार्टी आनाच्या घरी होणार आहे’ जमते, म्हणून सेर. ‘तुम्ही स्वयंपाकघरात होणार आहात’ जमत नाही, म्हणून एस्तार. लग्न, सभा, तास, मैफल या सगळ्यांना हीच कसोटी.

३ एस्तामोस, ६ एस्ता, ९ एस्ता: विशेषण असेल तर ‘झालेले’ लावून पाहा. कॉफी गार झालेली, आपण दमलेल्या. बदलातून आलेली अवस्था, म्हणून एस्तार. मृत्यू कायमचा, तरीही एस्तार, कारण तीही एका बदलानंतरची अवस्था. नामाला ही कसोटी लावू नका. ‘डॉक्टर झालेली’ मराठीत चालते, पण स्पॅनिशमध्ये व्यवसाय सांगताना सेरच.

१० एस, ११ एस्तान: एकच विशेषण, अर्थ दोन. ‘लोस निन्योस सोन आबुर्रिदोस’ म्हटलेत, तर मुलंच कंटाळवाणी ठरतात.

‘मला भूक लागली आहे’ याला दोन्ही चालत नाहीत. तिथे ‘तेन्गो आम्ब्रे’, शब्दशः ‘माझ्याकडे भूक आहे’.