घरच्या गणपतीची मूर्ती: मेघना आणि मूर्तिकार आबांची चॅट

रविवार, १२ जुलै

मेघना (रात्री ८:४०): आबा, नमस्कार. डोंबिवलीहून मेघना. भावोजी सकाळी तुमच्या गणपतीच्या शाळेत मूर्तीचा पाट ठेवून आले म्हणाले. मिळाला ना?

आबा (८:५२): होय गो. पोचलो. एक पाय हलत होतो, खिळो मारून ठेवलंय.

मेघना (८:५३): बरं झालं बाई. वर्षभर माळ्यावर असतो, कोण बघतंय. यंदा पाळी आमची, आणि मामंजी नाहीत, त्यामुळे हे सगळं पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. मूर्ती नेहमीचीच हवी. शाडूची, पाटापासून मुकुटापर्यंत पावणेदोन फूट, लोडाला टेकलेली, पिवळा पितांबर. दर किती होईल?

आबा (९:०५): ६५००

मेघना (९:०६): 🙈

मेघना (९:०८): आबा, रागावू नका हं. मामंजींच्या वहीत गेल्या वर्षीचे ४,८०० लिहिलेत. एकदम सतराशे वाढले?

आबा (९:१५): गेल्या वर्षी हिरे नव्हते. पाठची प्रभावळ पण नव्हती. तुझ्या घोवान फोटो धाडलो, तसो दर सांगितलंय.

मेघना (९:१६): कुठला फोटो?

आबा (९:१७): 📷 फोटो

मेघना (९:२१): अरे देवा. हा कुठल्या तरी मंडळाचा आहे. मला न विचारता पाठवलाय. थांबा, त्यांच्याशी बोलते.

मेघना (९:४४): बोलले. हिरे नकोत. प्रभावळही नको, आपलं लाकडी मखर आहेच, त्यात ती मावणारही नाही. मग किती?

आबा (९:५०): हिऱ्याचे ४०० कमी. प्रभावळीचे ३५०. ५७५० दी.

मेघना (९:५८): धन्यवाद. तरी अजून साडेनऊशे वर आहेत. देवाच्या मूर्तीला घासाघीस करायची लाज वाटते, म्हणून सरळच सांगते. चार घरांची वर्गणी गेल्या वर्षीच्या हिशेबाने ठरली आहे. मूर्तीला पाच हजार धरलेत. पाचात बसेल का? नसेल बसत तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही.

आबा (१०:०२): मोल देवाचो नाय गो, मातयेचो आणि मजुरीचो. उद्या नातू येता, तो लिवन सांगात. माका इतक्या टाइप करूक जमणा नाय.

सोमवार, १३ जुलै

आबा (सकाळी ११:२०): मेघनाकाकी, मी नातू लिहितोय, आबा बाजूला बसून सांगतायत. शाडू गुजरातमधून येतो. गोणीचा दर वाढलाच, पण जास्त वाढलंय ते गाडीभाडं. तुमच्या मापाच्या मूर्तीला माती बरीच लागते, कारण शाडूची मूर्ती आतून पोकळ ठेवली तरी तळ जाड लागतो, नाहीतर पाटावर बसत नाही. साच्यातून निघते ती फक्त पाठ-पोट. हात, सोंड, कान, बोटं सगळं नंतर हाताने. मदतीला येणारे दोघे गेल्या वर्षी ७०० रोजावर होते, यंदा ८५० मागतात. आणि पावसात मूर्ती सुकत नाही, रात्रभर बल्ब लावून ठेवावे लागतात. घाई केली की गळ्याजवळ चीर जाते. आबा म्हणतात, पाचात केली तर खिशातून घालावे लागतील.

आबा (११:२४): 📷 फोटो
(ओळीने ठेवलेल्या ओल्या मूर्ती, प्रत्येकीखाली वेगळा पाट. मागे निळी ताडपत्री.)

मेघना (दुपारी १:३५): जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आबा, एवढं समजावून सांगितलंत, बरं वाटलं. इथे नाक्यावर पीओपीच्या मूर्ती साडेतीन हजारांना दिसतात, पण ती तुलना मी करत नाही. ते वेगळं काम. तुमच्या खिशातून जावेत असंही मला नको आहे.

मेघना (१:३८): माझ्या बाजूने काय करता येईल ते विचारते. एक, साधारणपणे लोक पैसे न्यायच्या दिवशी देतात ना? मी निम्मे आजच पाठवते. दोन, रंगाला दोन पर्याय ठेवा, तुमच्याकडे जो पिवळा मिसळून झाला असेल तो चालेल. सोनेरी किनार पण साधीच, ब्रशची. तीन, न्यायला आम्ही आदल्या दिवशी दुपारीच येऊ, म्हणजे तुमच्याकडे चतुर्थीच्या सकाळच्या गर्दीत आमची भर नको. एवढं धरून ५,३०० करता येतील?

आबा (१:५०): नातू शाळेत गेलो. मी बघतंय.

आबा (संध्याकाळी ६:१०): निम्मे आज?

मेघना (६:१२): हो. आत्ताच.

आबा (६:२५): गोणीवाल्याक बुधवारी रोख देवचे आसत. उपयोग होयत. ५५००.

मेघना (६:३१): ५,४०० आबा? शंभराला आता मीच शरमतेय 😅

आबा (६:३३): तुझो सासरो पण असोच. शेवटचे शंभर सोडी नाय, आणि मूर्ती उचलताना पाटावर पाचशे ठेवी.

मेघना (६:३४): हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

आबा (६:३५): वहीत लिवन ठेवूचा नसता ता.

मेघना (६:४१): मग ठरलं. ५,५०१. पान-सुपारी आणि नारळ वेगळे, मामंजी ठेवायचे तसे. ते आपल्या हिशेबात नकोत.

आबा (६:४२): चलात.

मेघना (६:५०): २,७५० पाठवले. पोचले की सांगा.

आबा (६:५८): इले. तुझ्या नावासमोर जमा लिवलंय. बाकी २७५१.

मेघना (७:०२): एक विनंती, पैशाची नाही. डोळ्यांची आखणी तुम्ही स्वतः कराल ना? मुलं मोठी झालीत, घरी आल्यावर आधी डोळेच बघतात.

आबा (७:१०): मीच करतंय. नातवाक उंदीर दिलंय रंगवूक. बिघडलो तर परत रंगयता.

मेघना (७:११): 😄 उंदीर उजवीकडे हं. मागे एकदा डावीकडे आला होता आणि सासूबाई पाच दिवस तेच बोलत होत्या.

आबा (७:१३): म्हायत आसा. माझ्याकडे पण येवन बोलून गेली.

आबा (७:२०): काकी, नातू. पाटाखाली खडूने २७ नंबर घातलाय. न्यायला जो येईल त्याला नंबर सांगून ठेवा, कारण तुमच्याच वाडीतले आणखी तीन पाट आहेत आणि दोन दिसायला सारखे. आबा विचारतात, डोक्यावरून नेणार की गाडीतून?

मेघना (७:२६): भावोजींच्या टेम्पोतून. शाळेपासून घरापर्यंत रस्ता खणून ठेवलाय म्हणे, चालत नको.

आबा (७:३१): मग दोन जाड गोणपाट आणि एक जुनी उशी आणा. मूर्तीचं तोंड ड्रायव्हरकडे करून ठेवायचं, पाट दोन माणसांनी धरायचा, मूर्तीला हात नाही लावायचा. रंग वरून सुका वाटतो पण कोपऱ्यांत ओला असतो. १३ सप्टेंबरला दुपारी २ ते ४ मध्ये या, ५ नंतर भटवाडीची गर्दी सुरू होते.

मेघना (७:३३): २ वाजता टेम्पो दारात असेल. मी कोकणकन्येने सकाळीच पोचते, मीही येईन सोबत.

आबा (७:३५): ये. चाय घेवन जा.