सूचना : वॉचमन व सफाई कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मासिक हिस्सा ₹ २,४२०, दरमहा ५ तारखेच्या आत

दिनांक : २४ मे २०२६
प्रति : फ्लॅट १०१ ते ६०३ मधील सर्व सभासद आणि भाडेकरू

सप्रेम नमस्कार,

रविवार, १७ मे रोजी पार्किंगमध्ये झालेल्या सभेत ठरल्याप्रमाणे वॉचमन आणि सफाईच्या पगाराचे पैसे तिमाही मेंटेनन्समधून वेगळे काढले आहेत. यापुढे ते दर महिन्याला जमा करायचे आहेत. घाईत असाल तर एवढेच वाचा :

रक्कम : प्रत्येक फ्लॅटमागे ₹ २,४२०
तारीख : दर महिन्याच्या १ ते ५
पहिला हप्ता : १ ते ५ जून २०२६ (मे महिन्याचा पगार)

लाइट बिल, पाणी, लिफ्टची देखभाल वगैरे तिमाही बिलात येत राहील. त्या बिलातून पगाराची रक्कम वजा केली आहे, त्यामुळे एकच पैसा दोनदा जात नाही. जुलैचे बिल आले की ताडून पाहा.

आता हिशेब. रात्रपाळीचे वॉचमन १४,५००, दिवसपाळीचे १४,०००, सफाईच्या मावशी ८,०००. हे झाले ३६,५००. दोन्ही वॉचमनना आठवड्याची सुट्टी असते. त्या दिवशी येणाऱ्या बदली माणसाला एका पाळीचे ५०० प्रमाणे महिन्याला ८ पाळ्यांचे ४,००० लागतात. एकूण ४०,५००, भागिले १८ फ्लॅट, म्हणजे २,२५०. पाच रविवारांच्या महिन्यात बदलीचे हजारभर रुपये जास्त लागतील, ते मेंटेनन्सच्या शिल्लकेतून देऊ. त्यासाठी दर महिन्याला आकडा बदलत बसणार नाही.

वरचे १७० रुपये दिवाळीच्या बोनसचे. आजवर दिवाळीच्या तोंडावर वही घेऊन आम्ही दारोदार फिरायचो. कोणी ५०० द्यायचे, कोणी २००, कोणी चकलीची बशी पुढे करून विषय बदलायचे. आता तिघांना एक पगार बोनस, आणि तो बाराही महिने थोडा थोडा साठवायचा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोपर्यंत सहाच हप्ते होतील, म्हणजे १८,३६० जमतील. उरलेले १८,१४० यावर्षीपुरते मेंटेनन्सच्या शिल्लकेतून घालायला सभेने मंजुरी दिली आहे.

कृपया २,४०० पाठवू नका, २,५०० पाठवून 'पुढच्या महिन्यात धरा' असेही सांगू नका. २,४२० हा आकडा बँकेच्या उताऱ्यात लगेच ओळखू येतो. बाकी जमा-नावे जुळवताना माझी रविवारची झोप जाते.

पैसे भरायची पद्धत : सोसायटीच्या बँक खात्यावर यूपीआय किंवा एनईएफटी. क्यूआर कोड लिफ्टशेजारच्या फलकावर लावला आहे. रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर आणि ज्या महिन्याचा पगार तो महिना लिहा. जूनमध्ये भरताना फ्लॅट ३०२ ने असे लिहायचे :

```
302 MAY
```

ज्यांना चेकच द्यायचा आहे त्यांनी तो २ तारखेपर्यंत द्यावा, वटायला दिवस लागतात. रोख रक्कम ५ तारखेपर्यंत रोज रात्री ८ ते ९ माझ्याकडे, पावती घेऊनच. वॉचमनच्या हातात आपला हिस्सा परस्पर देऊ नका. एका फ्लॅटने चांगल्या भावनेने तसे केले होते, आणि पगार देताना ते पैसे कापायचे की नाही यावर आम्ही तिघे अर्धा तास जिन्यात उभे होतो. कोणी स्वतःहून उचल दिली तर ती त्यांची आणि वॉचमनची आपसातली गोष्ट. पगारातून वळती होणार नाही. गाडी धुण्याचे पैसेही यात नाहीत.

पगार ७ तारखेला होईल. ७ जून रविवार आहे, तरी त्याच दिवशी. वॉचमनचे पैसे त्यांच्या खात्यात जातात. मावशींना रोखच हवे असतात, कारण त्यांचे एटीएम कार्ड मुलाकडे असते. त्यांना पाकीट देऊन व्हाउचरवर सही घेऊ. किती जमले, किती दिले, किती शिल्लक, हे १० तारखेला फलकावर लागेल.

तारखेबद्दल एवढा आग्रह का, ते सांगतो. एप्रिलचा पगार व्हायला १९ मे उजाडला. चार फ्लॅटचे पैसे आले नव्हते, अध्यक्षांनी आणि मी पदरचे घालून तो पूर्ण केला. त्याच्या आठवडाभर आधी रात्रपाळीचे काका सकाळी ड्यूटी संपवून माझ्या दाराशी आले. हातात मुलीच्या शाळेच्या फीचा कागद, चार घड्या घातलेला. पगाराचे नाव काढले नाही. 'साहेब, टाकी भरली, मोटर बंद केलीय' एवढे बोलून उभे राहिले. मोटर ते रोजच बंद करतात, सांगायला कधी वर येत नाहीत.

सभेत निघालेल्या काही प्रश्नांची उत्तरे.

वन बीएचके आणि टू बीएचके दोघांना रक्कम सारखीच का? कारण उपविधींप्रमाणे वॉचमन, सफाई यांसारखे सेवा शुल्क क्षेत्रफळावर नव्हे, तर सर्व फ्लॅटना समान वाटले जाते. गेट सगळ्यांचे एकच.

फ्लॅट बंद असला तरी हिस्सा भरावा लागेल. उलट बंद घराकडे वॉचमनला जास्तच लक्ष द्यावे लागते. परदेशातल्या सभासदांनी बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवली तर दोघांचेही काम सोपे होईल.

भाड्याने दिलेल्या घराचे पैसे भाडेकरूने भरले तरी चालतील, पण जबाबदारी मालकाची. 'करारात काय ठरलंय ते त्यांना विचारा' हे उत्तर सोसायटीला देऊ नये.

काम नीट होत नसेल तर? लेखी तक्रार द्या, मी स्वतः जिना बघायला येईन. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्याबद्दलची तक्रार खरी होती, मावशींना सांगितले आहे, आता तो कोपरा रोज पुसला जातो. पण तक्रार आहे म्हणून हिस्सा अडवून ठेवायचा नाही. त्याचा फटका दोन वॉचमननाही बसतो, आणि त्यांचा त्या कोपऱ्याशी काही संबंध नाही.

५ तारीख उलटली तर ६ तारखेला माझा फोन येईल, एकदाच. थकलेल्या फ्लॅटचे नंबर ग्रुपवर टाकावेत ही सूचना मी मान्य केलेली नाही. शेजाऱ्यांना तोंड दाखवायचे असते. महिनाअखेरपर्यंत पैसे आले नाहीत तर थकबाकी पुढच्या तिमाही बिलात चढेल आणि त्यावर सोसायटीच्या नेहमीच्या दराने, वार्षिक २१ टक्के सरळ व्याज लागेल. महिन्याचे ४२ रुपये होतात. त्या ४२ रुपयांना कोणी घाबरेल असे मला वाटत नाही, म्हणून फोन आधी.

एखाद्या महिन्यात खरोखरच अडचण असेल, दवाखाना असेल, नोकरीचे काही झाले असेल, तर ३ तारखेपर्यंत मला एकट्याला सांगा. त्या महिन्यापुरते शिल्लकेतून भागवू. ती गोष्ट माझ्यापाशीच राहील.

हा दर ३१ मार्च २०२७ पर्यंत कायम आहे. पगारवाढीचा विषय त्याआधीच्या सभेत घेऊ.

आपला,
खजिनदार, फ्लॅट ३०२

ता. क. : फलकावरचा जुना क्यूआर कोड काढला आहे. ज्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असेल त्यांनी तो पुसावा. ते खाते आता बंद आहे.