ओपीडी स्टाफसाठी सूचना: शुगर, लिपिड आणि कॉर्टिसॉलच्या सॅम्पलला पेशंट किती उपाशी पाहिजे, रक्त किती वाजता काढायचं

सगळ्या सिस्टर, टेक्निशियन, केस पेपर काउंटरवरचे सगळे आणि ओपीडीतल्या मामा-मावशींसाठी. येत्या सोमवारपासून असंच करायचं आहे, नीट वाचून घ्या.

एप्रिल लागला, ऊन वाढलं, आणि लॅबला येणाऱ्या चिठ्ठ्यांवर अजून नुसतं 'फास्टिंग' लिहून टिक मारलेली असते, शेवटचं कधी खाल्लं ते नाही, रक्त किती वाजता काढलं ते नाही. मशीन काय, ट्यूबमध्ये जे आहे त्याचा आकडा देऊन मोकळं होतं, आणि त्या आकड्यावर डॉक्टर कुणाची तरी जन्मभराची गोळी चालू करतात. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी पाहिजेतच: शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, रक्त काढलं ती वेळ, आणि आज सकाळी कोणती औषधं घेतली. रक्त काढायची वेळ ट्यूबच्या लेबलवर पण टाका. वेळ नसलेलं सॅम्पल आलं तर लॅबमधून फोन येईल, तेव्हा चिडू नका, वेळ आठवून सांगा, अंदाजे लिहू नका.

"उपाशी आहात का" असं विचारूच नका, त्याला सगळे हो म्हणतात. "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं" असं विचारा. परवा औशाकडच्या एक आजी आल्या होत्या, काहीच खाल्लं नाही म्हणाल्या, सिस्टरनी नीट बसवून विचारलं तेव्हा निघालं की पहाटे मिश्री लावली, एसटी स्टँडवर चक्कर आली म्हणून अर्धा कप चहा घेतला आणि बीपीच्या गोळीसोबत गुळाचा खडा खाल्ला. आजी खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या हिशोबात भाकरी खाल्ली नाही म्हणजे उपाशीच. एकादशी, गुरुवार, चतुर्थी असली तर साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला का ते वेगळं विचारा. बिनसाखरेचा चहा, दूध, लिंबू सरबत, ओआरएस, बडीशेप, च्युइंगगम काहीच चालत नाही, तंबाखू-बिडी पण नाही. साधं पाणी मात्र चालतं, आणि या उन्हात तर प्यायला सांगाच, नाहीतर शीर सापडत नाही आणि पेशंटला दोन-तीनदा टोचावं लागतं. बीपीची, थायरॉईडची गोळी पाण्यासोबत चालते. शुगरची गोळी आणि इन्सुलिन मात्र उपाशीपोटीचं रक्त दिल्यावरच, जेवणासोबत, म्हणून ती सोबत घेऊन यायला सांगा.

शुगरचं

फास्टिंगला कमीत कमी ८ तास पोटात काही नको. रात्री ९ पर्यंत जेवण उरकायचं, झोपताना दूध नाही, पान नाही, आणि सकाळी ८ च्या आत इथं हजर. जितकं जास्त उपाशी तितकं चांगलं असं अजिबात नाही, काल संध्याकाळी ७ ला जेवलेल्या माणसाला ११ पर्यंत बाकावर बसवून ठेवलं तर १६ तास होतात, आकडाही बिघडतो आणि माणूसही. लांबून पहिल्या गाडीनं येणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना आणि इन्सुलिनवाल्यांना आधी घ्या, त्यात कुणी नंबरावरून भांडलं तर समजावून सांगा.

घाम सुटला, हात थरथरायलेत, बोलणं अडखळायलंय असं दिसलं की लगेच ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर सॅम्पल विसरा, तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, डॉक्टरांना बोलवा, १५ मिनिटांनी परत बघा. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीच देऊ नका, सरळ कॅज्युअल्टी.

आता ट्यूबचं. शुगर नेहमी राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये, खुणेपर्यंत भरायची, आणि ८-१० वेळा हळू उलटी-सुलटी करायची, हलवून खळखळायची नाही. रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात, साध्या ट्यूबमध्ये खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे १३० आलेलं रक्त दोन तास पडून राहिलं की ११५ च्या आसपास दिसतं, आणि १२६ च्या वरचा, म्हणजे डायबेटिसचा माणूस, "थोडी वाढलीय, गोड कमी खा" ऐकून घरी जातो. फ्लोराइड घातलं म्हणजे झालं असं पण नाही, त्याचा पूर्ण असर व्हायला तास-दोन तास लागतात, तोवर साखर उतरतच असते. म्हणून खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ट्यूबा साचवायच्या नाहीत. मामा, दर अर्ध्या तासाला एक फेरी, ट्रेमध्ये दोनच ट्यूबा असल्या तरी.

जेवणानंतरच्या शुगरला दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. ९:१० ला डबा उघडला तर ११:१० ला रक्त. पेशंटच्या हातात वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या. जेवण त्याचं रोजचंच, भाकरी-भाजी जे असेल ते, आणि रोजची गोळी किंवा इन्सुलिन त्यासोबत घ्यायचं. ते न घेता केलेली टेस्ट औषध लागू पडतंय का ते सांगतच नाही. मधल्या दोन तासात बाजाराला चालत जाऊन यायचं नाही, परत काही खायचं नाही.

गरोदर बायांना शुगरसाठी उपाशी म्हणून परत पाठवायलेत असं कानावर आलंय, ते बंद करा. आपली एएनसीची टेस्ट ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी एक रक्त, त्याला जेवून आली का उपाशी आली ते बघायचंच नाही. ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, ५ ते १० मिनिटांत संपवायचं, नंतर बसून राहायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी परत, नंतर झाली तर चालू ठेवा. १४० किंवा वर आलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे. एचबीएवनसीला पण उपाशी लागत नाही, जांभळी ट्यूब, कधीही.

रमजानमध्ये सहेरी करून आलेल्यांचे ८ तास दुपारीच भरतात, त्यांना सकाळी ८ ला घेऊन काही उपयोग नाही. वेळ मोजून दुपारचं बोलवा, नाहीतर ईदनंतरची तारीख द्या. जेवणानंतरचं रक्त रोजा असताना दिवसा होणारच नाही. त्यासाठी कुणाला आग्रह करू नका.

लिपिडचं

९ ते १२ तास उपाशी, रात्रीचं जेवण रोजच्यासारखं. "उद्या टेस्ट आहे म्हणून काल वरण-भातच खाल्लं" हे नको, आणि आदल्या दिवशी लग्नाची पंगत पण नको. दारू कमीत कमी २४ तास बंद, हे पुरुषांना बाजूला घेऊन विचारा, बायकोसमोर कुणी खरं सांगत नाही. खाऊन आलेला असेल तर हाकलू नका, कोलेस्टेरॉल आणि एचडीएल खाण्यानं फारसं बदलत नाही, वाढतं ते ट्रायग्लिसराइड. रक्त घ्या, चिठ्ठीवर 'खाऊन' आणि वेळ लिहा, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तरच उपाशी परत बोलवू, कारण त्याच्यावर हिशोबानं काढलेला एलडीएल खोटा येतो. चाळीस किलोमीटरवरून मजुरी पाडून आलेल्या माणसाला एका कप चहासाठी परत पाठवायचं नाही. पाच मिनिटं बसवा, पट्टा एक मिनिटाच्या वर बांधून ठेवू नका. पिवळी ट्यूब अर्धा तास उभी ठेवून गोठू द्यायची, मगच फिरवायची.

कॉर्टिसॉलचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे. कॉर्टिसॉल सकाळी उठायच्या सुमारास सगळ्यात वर असतं, संध्याकाळपर्यंत निम्म्यावर येतं आणि मध्यरात्री तळाला जातं. सकाळी ८ चा आकडा आणि ११ चा आकडा हे एकाच माणसाचे असले तरी एका मापानं मोजता येत नाहीत. म्हणून सकाळचं कॉर्टिसॉल ७ ते ९ मध्येच, शक्यतो ८ ला. साडेनऊला आला तर त्या दिवशी सकाळचं म्हणून घेऊ नका, उद्याचं बोलवा किंवा डॉक्टरांना विचारा. गाडीच मिळत नसेल तर आदल्या रात्री नातेवाइकाकडे मुक्काम होतो का ते काउंटरवरच विचारून ठेवा. उपाशी असलेलं बरं, पण इथं वेळ मोठी. संध्याकाळचं सॅम्पल डॉक्टरांनी मुद्दाम मागितलं असेल तर त्यावर 'संध्याकाळ' ठळक लिहा.

आल्या आल्या सुई नको, वीसएक मिनिटं शांत बसू द्या, धावपळ, भीती, दुखणं यानं कॉर्टिसॉल वाढतं. "रात्री झोपलात का" हे विचाराच. आपल्याकडं शेताला लाईट रात्रीची असली की माणूस रात्रभर पाणी देत फिरतो आणि पहाटे झोपतो, त्याचं शरीराचं घड्याळ उलटं चाललेलं असतं, नाईट ड्युटीवाल्यांचं पण तसंच. चिठ्ठीवर लिहा, तारीख डॉक्टर ठरवतील.

मग स्टेरॉइड. नुसतं "स्टेरॉइड घेता का" विचारलं तर कुणालाच कळणार नाही. दम्याचा पंप, नायट्याला लावायचं मेडिकलमधलं मलम, गोरं व्हायची क्रीम, गुडघ्यातलं इंजेक्शन, सांधेदुखीच्या पुड्या, एकेक करून विचारा आणि डबी-पाकीट सोबत आणायला सांगा. काही स्टेरॉइडनं कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसतं, काहींनी खरंच दबून जातं. पण काहीही झालं तरी चालू असलेलं स्टेरॉइड तुम्ही बंद करायला सांगायचं नाही, अचानक बंद केलं तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं, ते फक्त डॉक्टर सांगतील. पाळी लांबवायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, केसांसाठीचं बायोटिन हे पण लिहा, यांनी पण आकडा हलतो.

डेक्सामेथासोन दिलेलं असेल तर १ मिग्रॅची गोळी रात्री ११ ते १२ मध्ये, रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ मध्ये. अर्ध्याच्या दोन गोळ्या मिळाल्या असतील तर दोन्ही एकदम घ्यायच्या हे समजावून द्या. गोळी खरंच घेतली का आणि किती वाजता ते लिहा, कारण इथं कॉर्टिसॉल १.८ च्या खाली यायलाच पाहिजे, आणि चिठ्ठीवर काही नसेल तर तोच आकडा बघून ग्रंथी काम करत नाही असं वाटेल.

तिन्ही टेस्ट एकाच माणसाच्या असतील तर ७:३० ला बोलवा, बसवा, ८ ला एकाच सुईत घ्या: आधी पिवळी, मग जांभळी असेल तर ती, राखाडी शेवटी. राखाडीतलं औषध दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर बाकीचे रिपोर्ट बिघडतात. ८ वाजायला आले आणि रांग मोठी असेल तर कॉर्टिसॉलवाल्याला पुढं घ्या, शुगर-लिपिडवाले अर्धा तास थांबू शकतात.

आदल्या दिवशी तारीख देताना पेशंटला आणि सोबत आलेल्याला दोघांनाही सांगा, आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या: "रात्री नऊनंतर काही खायचं नाही, पाणी प्यायचं, सकाळी शुगरची गोळी खिशात ठेवायची, घ्यायची नाही." वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराच्या मोबाईलवर व्हॉइस मेसेज पाठवा.

काही अडलं तर लॅबच्या खिडकीवर या किंवा इंटरकॉम करा, सकाळी ७ पासून कुणी ना कुणी आहे. सॅम्पल घ्यायच्या आधी विचारा, घेतल्यावर नको.

लॅब इनचार्ज
पॅथॉलॉजी विभाग