विषय : भविष्य निर्वाह निधीतील अंशदान प्रत्यक्ष मूळ वेतनावर भरण्याबाबत विनंती

भोसरी, दि. ७ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

महोदय,

मी २०१२ पासून आपल्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करीत आहे. माझे मूळ वेतन आज ४०,००० रुपये आहे, परंतु पीएफ मात्र १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवरच, म्हणजे दरमहा १,८०० रुपये, कापला जातो आणि कंपनीही तेवढेच भरते. सप्टेंबर २०१४ मध्ये ही मर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली, तेव्हापासून पगारपत्रकातील हा आकडा हललेला नाही. कागदोपत्री १२ टक्के असलेले अंशदान त्यामुळे प्रत्यक्षात मूळ वेतनाच्या साडेचार टक्क्यांवर आले आहे.

कंपनीच्या १,८०० रुपयांपैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि माझ्या पीएफ खात्यात केवळ ५५० उरतात. अंशदान ४०,००० वर धरल्यास कंपनीचा हिस्सा ४,८०० होईल. निवृत्तिवेतनाचे १,२५० तसेच राहणार असल्याने वाढीव ३,००० रुपये पूर्णपणे खात्यात जमा होतील. माझाही हिस्सा तेवढाच वाढेल आणि हातात येणारा पगार कमी होईल, याची मला कल्पना आहे व ते मला मान्य आहे.

मी आज ३८ वर्षांचा असून ५८ व्या वर्षापर्यंत २० वर्षे शिल्लक आहेत. २०२४-२५ चा ८.२५ टक्के व्याजदर कायम राहील आणि वेतन वाढणार नाही, असे धरून केलेला हिशेब असा : सध्याच्या पद्धतीने (दरमहा २,३५०) आजपासून सुमारे १३.७७ लाख जमतील, तर प्रस्तावित पद्धतीने (दरमहा ८,३५०) सुमारे ४८.९३ लाख. फरक ३५.१६ लाखांचा असून त्यातील निम्मा, १७.५८ लाख, कंपनीच्या वाढीव हिश्श्यामुळे आहे. आधीची शिल्लक दोन्हीकडे सारखीच असल्याने ती धरलेली नाही. वीस वर्षांनंतरच्या रुपयाची किंमत आजच्याइतकी नसेल हे खरे, पण तो घसारा दोन्ही रकमांना सारखाच लागू आहे.

कंपनीवरील भार दरमहा ३,००० रुपये आणि प्रशासकीय शुल्काचे १२५ रुपये, म्हणजे वर्षाला ३७,५०० रुपये होतो. माझा हिस्सा मी ऐच्छिक पीएफद्वारे एकट्याने वाढवू शकतो. परंतु त्यामुळे कंपनीचा हिस्सा वाढत नाही, आणि मर्यादेपेक्षा अधिक वेतनावर अंशदानासाठी भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद २६(६) नुसार दोघांची संयुक्त विनंती लागते. म्हणूनच हे पत्र.

ही वाढ माझ्या एकूण वेतनखर्चातून वळती न करता स्वतंत्रपणे मंजूर व्हावी, ही विनंती. एकदम शक्य नसल्यास यंदा २५,००० वेतनावर अंशदान सुरू करावे. कंपनीला त्यासाठी प्रशासकीय शुल्क वगळता दरमहा १,२०० रुपये अधिक भरावे लागतील आणि तेवढ्यानेही तिच्या हिश्श्यातून सुमारे ७.०३ लाखांची भर पडेल. संयुक्त विनंतीपत्रावर माझी सही करून ते सोबत जोडले आहे. ऑगस्टच्या पगारापूर्वी निर्णय कळवावा.

आपला विश्वासू,
सु. रा. जाधव
वरिष्ठ गुणवत्ता निरीक्षक